अण्णांचा डावा कान

सहकारी संस्थांचं ऑडिट करणाऱ्याला प्रोसिडिंग बुक वाचावंच लागतं, आणि वाचताना झोप आवरावी लागते. कुठल्याही संस्थेचं उघडा, भाषा एकच. ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते ठरले की...’ साधक कोण होता, बाधक कोण होता, पाणीपट्टीच्या थकबाकीवरून कोण कुणाच्या आजोबांपर्यंत जाऊन आला, यातलं अक्षर नसतं. खाली सूचक, अनुमोदक आणि अध्यक्षांची सही. पंचवीस-तीस वर्षांचे ठराव सलग वाचले तर वाटावं, या गावात भांडण म्हणून कधी झालंच नाही. प्रत्यक्षात त्याच गावातून कोर्टाच्या तारखेला एस.टी. भरून जात असते.

त्यामुळे कृष्णाकाठच्या एका उपसा जलसिंचन संस्थेचं दप्तर पहिल्यांदा पुढ्यात आलं तेव्हा मी चष्मा पुसून घेतला. त्यात लिहिलं होतं: ‘पाळी शेवटच्या चावीपासून सुरू करावी असा विषय निघाला. टाळ्या पडल्या. निर्णय झाला नाही. सात खडे पडले. खडे का पडले ते बघायला उद्या सकाळी सात वाजता शेवटच्या चावीवर जमायचे ठरले.’ खाली सही, सेक्रेटरी.

या सेक्रेटरींना गाव अण्णा म्हणतं. साठी ओलांडलेली, अंगकाठी बेताची, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक लिहितं. दुसऱ्यात शाई नाही, ते मागणाऱ्याला द्यायचं. बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढं वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाला ओरडता येत नाही. पण अण्णांची खरी मालमत्ता म्हणजे त्यांचा डावा कान. त्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं, असं ते गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत. सभेत टेबल ते अशा बेतानं मांडून घेतात की पहिल्या रांगेतली मोठ्या आवाजाची मंडळी बरोबर डाव्या अंगाला येतात. उजव्या अंगाला दाराशी, खांबाला टेकून, चपला पायातच ठेवून बसलेली माणसं असतात. त्यांच्यातलं कुणी नुसतं ‘च्च’ केलं तरी अण्णांची मान वळते.

पहिली रांग कशी असते हे सहकारात वावरलेल्याला सांगायला नको. एक मंजूरआप्पा असतात. अजेंड्यावरचा विषय वाचून व्हायच्या आत त्यांचा ‘मंजूऽऽर!’ निघतो. एकदा चेअरमननी ‘विषय क्रमांक तीन’ एवढंच म्हणून ठसका लागला म्हणून पाणी पिऊन घेतलं, तेवढ्यात विषय तीन मंजूर झाला होता. त्यांच्या शेजारी नामंजूरबापू. हे मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायलाही विरोध करतात, कारण मागच्या सभेत त्यांनी इतिवृत्ताला केलेला विरोध इतिवृत्तात आलेला नसतो. तिसरे निवृत्त मास्तर. ते विषयाची पार्श्वभूमी सांगतात आणि ती बहुधा १९६० च्या सहकार कायद्यापासून सुरू होते. या तिघांत दोन तास सहज जातात. मग चहा येतो, चहाबरोबर राष्ट्रगीत, आणि प्रोसिडिंगमध्ये ‘सर्वानुमते’.

अण्णांनी या तिघांशी कधी वाद घातला नाही. ते फक्त म्हणतात, ‘काय म्हणालात? जरा परत सांगता का, ह्या कानानं...’ बापू परत सांगतात. दुसऱ्या वेळी त्यातली विशेषणं गळतात. अण्णा कानाला हात लावतात. तिसऱ्या वेळी चेअरमनच्या खानदानाचा उल्लेख गळतो आणि चांगली दहा-बारा शब्दांची सूचना उरते. ती अण्णा वहीत लिहितात, मोठ्यानं वाचून दाखवतात आणि विचारतात, ‘हेच म्हणायचंय न्हवं तुम्हाला?’ बापू गोंधळून ‘व्हय’ म्हणतात. आपण इतकं थोडं आणि इतकं शहाण्यासारखं बोललो याचं त्यांनाच नवल वाटतं. मंजूरआप्पांना मात्र अण्णा वेगळा प्रश्न विचारतात. ‘काय मंजूर, आप्पा?’ याचं उत्तर आप्पांना अजून एकदाही आलेलं नाही.

आता तो पाळीचा विषय. तो नीट समजल्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत.

नदीवर जॅकवेल आहे, शंभर एचपीची मोटार आहे. मोटार पाणी वर माळावरच्या हौदात टाकते. तिथून ते सिमेंटच्या जुन्या पाइपांतून उताराने खाली येतं आणि ओळीनं लावलेल्या चाव्यांमधून शेतात जातं. भिजतं क्षेत्र एकशे वीस एकर, सगळा ऊस. एकराला ४८ मिनिटं असा हिशेब. दिवसाच्या आठ तास विजेत दहा एकर भिजतात, म्हणजे बारा दिवसांत पाळी फिरून आली पाहिजे. आमच्याकडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात ऊस तेवढा दम काढतो.

पण पाळी बारा दिवसांत येत नव्हती, पंधरा दिवसांनी येत होती. चोरी म्हणावी अशी कुणाची नव्हती. पहिल्या चावीवाला पाणी धरतो, शेवटची सरी अर्धी राहते, तो पाटकऱ्याला म्हणतो ‘पाचच मिनिटं’, आणि बारा मिनिटं जातात. एकराला बारा मिनिटं, एकशे वीस एकर, झाली १४४० मिनिटं. आठ तासांचा दिवस धरला तर बरोबर तीन दिवस. हा हिशेब अण्णांनी खडूनं सोसायटीच्या दारावर लिहून ठेवला होता, नाव कुणाचं न घालता. जो तो दार उघडताना वाचायचा आणि दुसऱ्याच्या नावानं खडे फोडायचा.

तो तीन दिवसांचा उशीर वरच्या चावीवाल्यांना कळतच नव्हता, कारण जास्तीची मिनिटं त्यांच्या रानात मुरलेली असायची. शेपटाकडचे पंधराव्या दिवसापर्यंत सुरळी झालेली पानं बघत बसायचे. शेपटाकडं अर्धा एकर, पाऊण एकर अशी रानं. सहकार कायद्याच्या २७ व्या कलमात सभासदाला एक मत, रान किती का असेना. कायदा तिथं चोख आहे. पण मत देण्याआधी तोंड उघडावं लागतं, आणि ज्याच्या ट्रॅक्टरनं आपली नांगरट व्हायची आहे तो पहिल्या रांगेत बसलेला असताना तोंड उघडण्याबद्दल कायद्यात कलम नाही.

तेवढ्यात एक तरणा संचालक नाशिक जिल्ह्यात वाघाडला अभ्यासदौरा करून आला. तिथं कालव्याच्या शेपटाला ओझर. बापू उपाध्यांसारख्या माणसांनी तिथूनच पाणी वापर संस्थांना सुरुवात केली. हे सगळं पाहून पोरगा भारावला होता. २००५ चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आपल्या संस्थेला लागू नाही, आपण १९६० च्या कायद्यातले, हे त्याला मास्तरांनी बजावलं. तरी पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशी तिन्ही भागांतली माणसं घ्यावी लागतात, हे त्यानं ऐकवलंच. आणि उभं राहून म्हणाला, ‘आपली पाळी शेवटच्या चावीपासून सुरू करायची. वरचा शेवटी भिजणार म्हटल्यावर बारा मिनिटं कोण कुठं घालवतंय यावर तो स्वतःच राखण करील.’

विचार पक्का होता. टाळ्या पडल्या. आप्पा म्हणाले, ‘मंजूऽऽर!’ वरच्या चावीवाल्यांनीही फारसं ताणलं नाही. भर सभेत गरिबाच्या पाण्याला विरोध कोण करील? चेअरमननी अण्णांकडं बघितलं, म्हणजे लिहून घ्या.

अण्णांनी टोपी काढली, झटकली, घातली. म्हणाले, ‘विषय आज मांडला एवढंच लिवतो.’

‘आता काय राहिलंय?’ चेअरमन म्हणाले.

‘ज्यांच्यापायी करायचंय ते बोलल्यालं न्हाईत अजून.’

शेपटाकडची सातआठ माणसं खांबाला टेकून बसली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पण हात मांडीच्या वर न आणता. अशा टाळीचा आवाज येत नाही, आणि तो न आलेला आवाज अण्णांनी उजव्या कानानं टिपला होता.

मग त्यांनी दाणे काढले. ही पद्धत त्यांची स्वतःची, बऱ्याच खटपटीनं बसवलेली. प्रत्येक सभासदाला तीन वस्तू मिळतात: मक्याचा दाणा, चिंचोका आणि खडा. मका म्हणजे मनापासून पटलं. चिंचोका म्हणजे पुरतं पटलं नाही, पण मी निभावून नेईन, आडवा येणार नाही. खडा म्हणजे हे मला चालणार नाही. दाराशी फडकं बांधलेली दोन मडकी. मूठ झाकून हात घालायचा, पहिल्यात आपलं मत टाकायचं, दुसऱ्यात उरलेलं टाकून रिकाम्या हातानं जागेवर यायचं. लिहिता न येणाऱ्याला जमतं, आणि हात वर करताना मालकाकडं, चुलत्याकडं, ट्रॅक्टरवाल्याकडं बघावं लागत नाही. मक्याच्या जागी आधी शेंगदाणे होते. त्या वर्षी मतं मोजली तर सभासदांपेक्षा कितीतरी कमी भरली, कारण मंडळींनी रांगेत उभ्या उभ्या संमती खाऊन टाकली होती.

तिन्हींतला चिंचोका फार कामाचा, असं माझं मत आहे. हो आणि नाही एवढंच विचारलं की कुरकुरणारा माणूस नाइलाजानं हो म्हणतो किंवा तावातावानं नाही म्हणतो, आणि दोन्ही खोटं असतं. चिंचोका त्याला खरं बोलायची सोय करून देतो. मडक्यात मका पुष्कळ आणि चिंचोके थोडे असले तर अण्णा खुशाल पुढं जातात. मका थोडा आणि चिंचोकेच चिंचोके असतील तर खडा एकही नसला तरी विषय मागं ठेवतात. ‘आडवं कोण येत न्हाई, पण चालणारं बी कोण न्हाई’ असं म्हणतात. असा ठराव कागदावर राहतो आणि पहिल्याच आठवड्यात रात्री कुणीतरी चावी फिरवतं. ठराव मोडला की मोटार चालू असते, पाटकरी झोपलेला असतो आणि सकाळी सगळे एकमेकांना ‘सर्वानुमते ठरलंवतं की’ म्हणत असतात.

त्या दिवशी मडक्यात सात खडे निघाले. सभा गप्प झाली. गरिबाच्या पाण्यावर खडा कुणी टाकला? सगळ्यांच्या नजरा वरच्या चावीवाल्यांकडं, आणि वरच्या चावीवाल्यांच्या एकमेकांकडं.

अण्णा एक प्रश्न कधीच विचारत नाहीत: ‘खडा कुणी टाकला?’ ते विचारतात, ‘खडा टाकणाऱ्याच्या मनात काय असंल?’ उत्तर कुणीही द्यावं. स्वतःच्या खड्याचं दुसऱ्याचा म्हणून सांगितलं तरी हरकत नाही. त्यात अब्रूही जात नाही आणि वैरही येत नाही. आणि हा प्रश्न टाकून झाल्यावर अण्णा चंची काढतात. पान निवडतात, शिरा काढतात, चुना लावतात, तंबाखू मळतात, आणि ती तोंडात गेली की त्यांना बोलता येत नाही. चेअरमन अस्वस्थ होतात, मास्तर घसा साफ करतात. अण्णा मास्तरांकडं हात करून ‘जरा दम’ अशी खूण करतात. ती शांतता मी स्वतः पुढच्या एका सभेत सोसली आहे. ऑडिटरनंसुद्धा काहीतरी कबूल करून टाकावं अशी ती असते.

शेवटी दारातलं एक पोरगं म्हणालं, ‘पहिल्यांदा वाराच येतोय.’

‘काय येतंय?’

‘वारा. चावी उघडली की. फुस्स करतंय.’

पहिली रांग हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी उजवीकडं भिंतीशी बसलेल्या आक्कांकडं बघितलं. आक्का म्हणजे शेवटच्या चावीच्या मालकीण. वीस गुंठे रान, नवऱ्यामागं वारस म्हणून सभासद झालेल्या, आणि इतक्या वर्षांत सभेत ‘हजर’ याखेरीज शब्द न काढलेल्या. त्या पदराच्या टोकाशी खेळत म्हणाल्या, ‘पोरगं म्हणतंय ते खरं हाय.’ एवढंच.

दुसरा कुणी असता तर ‘बोला आक्का, न घाबरता बोला, भगिनींनी पुढं आलंच पाहिजे’ वगैरे करून त्यांना उभं केलं असतं आणि त्या जन्मभरासाठी गप्प झाल्या असत्या. अण्णांनी एवढंच लिहून घेतलं की सकाळी सातला शेवटच्या चावीवर जमायचं. आक्कांना तिथं भाषण करायचं नव्हतं, आपल्याच बांधावर उभं राहायचं होतं.

सातला मोटार सुरू झाली. चेअरमन, बापू, मास्तर, तो तरणा संचालक आणि पाटकरी चावीभोवती उभे. चावी उघडली. फुस्स. मग खूप वेळ नुसतं फुस्स. मग गुळण्या केल्यासारखा आवाज, मग गढूळ चूळभर पाणी, परत वारा. धार सलग लागली तेव्हा घड्याळात सात बावीस झाले होते. आता आक्का आपल्या बांधावर उभ्या होत्या, त्यामुळे आवाजही बांधावरचा होता. ‘माझं रान अर्धा एकर. माझी मिनिटं चोवीस. पहिल्या पाळीला माझं नाव लागलं तर बावीस मिनिटं वाऱ्यात गेली. राहिली दोन. दोन मिनिटात मी काय कपाळ भिजवू?’

जुने पाइप, पाझरणारे सांधे. मोटार बंद झाली की रात्रभरात लाइन रिकामी होते आणि सकाळी ती टोकापर्यंत भरायला बावीस मिनिटं लागतात. हौदाजवळच्या चावीला चारच मिनिटं लागतात, म्हणून वर कुणाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. आजवर पाळी वरून यायची, तेव्हा आक्कांचा नंबर दिवसाच्या कुठल्याही वेळी लागे. उशिरा का होईना, भरलेल्या लाइनीचं पाणी मिळे. नव्या ठरावानं पाळी त्यांच्यापासून सुरू होणार होती, म्हणजे प्रत्येक फेरीत, न चुकता, मोटार सुरू होतानाची पहिली मिनिटं त्यांची. त्यांच्याच भल्यासाठी, टाळ्यांच्या गजरात, त्यांचं पाणी बंद होणार होतं. सात खडे शेपटाकडचेच होते. विरोध करायचा तर आपल्याच बाजूनं बोलणाऱ्या पोराला विरोध केल्यासारखं होणार, म्हणून सगळे गप्प बसले होते.

पुढची सभा अण्णांनी वेगळी बसवली. घराण्यांनुसार नाही, पक्षांनुसार नाही, चावीनुसार. एका चावीवरची माणसं एका घोंगडीवर. सख्खे भाऊ वेगळे झाले आणि कोर्टात एकमेकांसमोर उभे राहणारे दोघे एका घोंगडीवर आले, कारण त्यांची चावी एक. आधी घोंगडीवर आपसात बोलायचं. मग प्रत्येक घोंगडीचं म्हणणं एकानंच मांडायचं, आणि ते अशा माणसानं, जो या वर्षात सभेत उभं राहून बोललेला नाही. यामुळे बापू, मास्तर आणि आप्पा एकदमच बाद झाले. बापूंनी याला विरोध केला. अण्णांनी डावा कान पुढं केला.

बोलायचा क्रम शेवटच्या चावीपासून वर. हे का, असं मी त्यांना पुढं विचारलं. म्हणाले, ‘वरचा आधी बोलला की खालच्याला त्याच्या शब्दातनंच वाट काढाय लागती.’ शेपटाच्या घोंगडीकडून तेच वाऱ्याचं पोरगं उभं राहिलं. सभासद त्याची आई, म्हणून त्याला दाणे नाहीत, पण बोलायला अण्णा कुणालाच अडवत नाहीत, वाटेकऱ्यालासुद्धा नाही. पाणी रानात नेणारा बहुतेक वेळा वाटेकरीच असतो, आणि सातबाऱ्यावर नाव नसलं तरी चावी कुठं गळते हे त्यालाच ठाऊक असतं. पोरानं सांगितलं, ‘पाळी खालनंच सुरू करा. पण घड्याळ चावी उघडल्यावर न्हाई, धार लागल्यावर लावा.’

लाइन भरायची मिनिटं मग कुणाच्या नावावर? वरच्या घोंगडीचा प्रश्न रास्त होता. अण्णांनी पुन्हा दारावर खडू धरला. शेपटाच्या दिवशी बावीस, वर सरकेल तशी कमी, शेवटी चार. बारा दिवसांची बेरीज अडीच तासांच्या आसपास. ती संस्थेच्या नावावर टाकली तर पाळी बारा दिवसांऐवजी बारा दिवस आणि अडीच तासांनी फिरेल. सध्या ती पंधरा दिवसांनी फिरत होती. अडीच तासांवर कुणी भांडलं नाही. पंधरामधून बारा गेले हे गणित मास्तरांनीही पार्श्वभूमीशिवाय मान्य केलं.

मडकी फिरली. मका भरपूर, चिंचोके बरेच, खडा एक. त्या एका खड्याच्या मनात काय असेल हे विचारायची वेळच आली नाही. बापू उभेच होते. ‘माझाच हाय. घड्याळ पाटकऱ्याच्या हातात ऱ्हाणार. पाटकरी वरच्यांचा भाचा.’

‘मग काय केलं तर खडा उचलाल?’

हा अण्णांचा नेहमीचा शेवटचा प्रश्न. बापूंना तो त्यांच्या साऱ्या विरोधकीच्या काळात आधी कुणी विचारला नव्हता. ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, चावीवर वही ठेवा. धार लागल्याची वेळ लिहायची, बंदची वेळ लिहायची, आणि सही पाटकऱ्याची नाही, ज्याची पुढची पाळी आहे त्याची. कारण मागच्यानं मिनिट खाल्लं तर दुखतं पुढच्यालाच. बापूंची ही सूचना मूळ ठरावापेक्षा चांगली होती. अण्णांनी ती शब्दशः लिहिली, वाचून दाखवली आणि ‘हा मुद्दा बापूंचा’ असं प्रोसिडिंगला घातलं. त्या पानाची झेरॉक्स बापूंच्या खिशात असते.

ठरावाला मुदत घातली: पाडव्यापासून मृग निघेपर्यंत, तेवढ्याच उन्हाळ्यापुरता. सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते, तिथं वहीतले आकडे वाचायचे आणि मग कायमचं काय ते बघायचं. चिंचोका टाकणाऱ्यांना मुदतीचा धीर असतो. जन्मठेप नाही म्हटल्यावर माणूस पुष्कळ काही सोसून बघतो.

दाणे कायद्यात बसत नाहीत हे ऑडिटर म्हणून मी अण्णांना सांगितलं. त्यांना ते माझ्याआधी माहीत होतं. दाण्यांनी मन कळतं. ठराव मात्र रीतसर हात वर करून, सूचक-अनुमोदकासह होतो, आणि तोवर हात वर करण्यात कुणाला जड जात नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीनं होतात आणि त्याआधी विषय अभ्यास गटांत घोळवला जातो, हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं होतं. ‘आमचं तेवढं मोठं न्हाई,’ म्हणाले. ‘आमचं आपलं मोटारीपुरतं.’

आणि मोटारीपुरतं असूनही ते नेहमी जमतं असं नाही. भर मेमध्ये मोटार जळाली तेव्हा अण्णांनी ना मडकं काढलं ना घोंगड्या. चेअरमननी तासाभरात गाडी जोडून ती रिवाइंडिंगला पाठवली. अण्णा म्हणाले, ‘जळत्या घरात खडं मोजत न्हाईत.’ पाइपलाइन नवी टाकायचा विषय मात्र तीन सभा खडे खात राहिला. तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं, त्यातले दोन खडे बांधाच्या भांडणाचे होते. लाइन नव्या गटातून गेली तर चुलत्याचं रान आधी भिजणार होतं. अशा खड्यावर अण्णांकडं औषध नाही. ‘संस्थेचं काय बिघडतं ते सांगा’ असं ते विचारतात. उत्तर आलं नाही तर आणखी एक सभा वाट बघतात आणि मग सरळ मतदान लावतात. एकट्या माणसाला सगळ्या गावाला ओलीस धरू द्यायचं नाही, असा त्यांचा हिशेब. त्या मतदानात ठराव थोडक्यात मंजूर झाला आणि हरलेल्यांनी जादा वर्गणी भरलीच नाही. पाइप अजून तेच आहेत. वारा अजून येतो, फक्त आता तो संस्थेच्या खर्चानं येतो.

दुसरीही एक खोट मला दिसते. अण्णांच्या सभा लांबतात, आणि लांबलेल्या सभेत शेवटपर्यंत तोच बसतो ज्याची जनावरं दुसरं कुणी पाजतं. धारेच्या वेळेला बायका उठून जातात. हे मी बोलून दाखवल्यावर अण्णांनी सभा दुपारी दोनवर आणली आणि साडेचारला जिथं असेल तिथं थांबवायची असं ठरवलं. बापूंनी याला विरोध केला, कारण विरोधाला वेळ पुरत नाही.

वार्षिक सभेत वही वाचली. पाळी सरासरी साडेबारा-तेरा दिवसांवर आली होती. मोटार चार वेळा पडली होती, नाहीतर आणखी जमलं असतं. ठराव कायम झाला. आक्कांना संचालक करावं अशी सूचना आली. आप्पा ‘मंजूर’ म्हणाले. अण्णांनी आक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मला नगं. आधी त्या सहाव्या चावीचं गळणं काढा.’ ते लिहून घेतलं गेलं.

मी माझ्या ऑडिट मेमोत रिवाजाप्रमाणे शंका काढली होती: ‘सभा खर्चात शेंगदाणे दोन किलो दाखवले आहेत. सदर खर्चाचे प्रयोजन व शिल्लक साठ्याचा खुलासा करावा.’ दोषदुरुस्ती अहवाल अण्णांच्या अक्षरात वेळेत आला. शंका क्रमांक नऊपुढं लिहिलं होतं: ‘शेंगदाणे मतदानासाठी आणले होते. सभासदांनी खाल्ले. शिल्लक नाही. यापुढे मका वापरण्यात येत आहे, तो कोणी खात नाही. दोष दुरुस्त झाला असे समजावे.’